बंद झालेल्या वाचनालयाचा अनुभव-दाखला

अण्णा मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता गेला. आमच्या भागीदारीच्या करारात दोनच नावं होती. दोघांपैकी एक गेला की भागीदारी तिथेच संपते, असं वकिलांनी सांगितलं. म्हणजे मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मला भाऊ नव्हता आणि कामही नव्हतं.

काम म्हणजे आमचं वाचनालय. बंगळूरला बसवनगुडीतल्या घराच्या गॅरेजमध्ये आम्ही ते चालवायचो. लोक आमच्याकडे येत नसत, आम्हीच लोकांकडे जायचो. अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये आमचं एक कपाट ठेवलेलं असे. त्यात दीडशे पुस्तकं, इंग्रजी, कन्नड आणि जिथे मागणी असेल तिथे थोडी मराठी. महिन्यातून एकदा व्हॅन यायची, जुनी पुस्तकं निघायची, नवी लागायची. असं अकरा वर्षं चाललं. शेवटी शेवटी तेवीस सोसायट्या होत्या. व्हॅन अण्णा चालवायचा, बोलायचा अण्णा, चहा प्यायचा अण्णा. मी मागे बसून पुस्तकं मोजायची. त्याने आम्हा दोघांची व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. त्यावर तो 'जागतिक संचालक' होता. जग म्हणजे बसवनगुडी ते येलहंका. मी 'मुख्य वाचन अधिकारी' होते. छापखान्यातल्या माणसाने दोनदा विचारलं होतं, "सर, हे असंच छापायचं ना?"

अण्णानंतर पाच महिने मी एकटीने सगळं आवरलं. कपाटं परत आणली, सभासदांच्या अनामती परत केल्या, पुस्तकं शाळांना वाटली, बँकेतलं खातं बंद केलं. मग एक दिवस गॅरेजमध्ये फक्त गॅरेज उरलं आणि मी चव्वेचाळीस वर्षांची, घरात बसलेली बाई झाले.

घरात आता आम्ही दोघीच. मी आणि वहिनी. वहिनी बेळगावची. अण्णाचा फोन तिने बंद केला नाही. तोच नंबर वाचनालयाचाही होता, कपाटांवर, पावत्यांवर, सगळीकडे छापलेला. सभासद अजून फोन करायचे, 'सोफ्याखाली तुमचं एक पुस्तक सापडलं' म्हणून. वहिनी पदराने फोन पुसायची आणि उचलायची, "हां, सांगा." तिला त्या फोनमध्ये काय ऐकू यायचं ते मी कधी विचारलं नाही.

मग मी जाहिरात पाहिली. येलहंक्याकडच्या एका शाळासमूहाला त्यांच्या आठ शाळांच्या ग्रंथालयांचं कामकाज पाहायला माणूस हवा होता. खरेदी, वाटप, शाळाशाळांमध्ये पुस्तकं फिरवणं, वार्षिक मोजणी. मी ती जाहिरात तीनदा वाचली. त्यांना मी हवी होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं, एवढाच प्रश्न होता.

रेझ्युमे मी आयुष्यात लिहिला नव्हता. मी आठ दिवस घेतले आणि चार पानं लिहिली. ती घेऊन जयनगरला अक्कांकडे गेले.

अक्का म्हणजे आमच्या जुन्या सभासद. रक्ताचं नातं काही नाही, पण त्यांचं घराणं आमच्यासारखंच, तीनशे वर्षांपासून या बाजूला राहून मराठीत कन्नड कालवणारं. तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्यात माणसं घ्यायचं खातं सांभाळलं होतं. निवृत्तीनंतर त्या फक्त खुनांच्या कादंबऱ्या वाचत. आमची नऊ पुस्तकं त्यांच्याकडे राहिली होती. वाचनालय बंद करताना मी ती मागितली, तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता कुणाला परत करू? संस्थाच उरली नाही." कायद्याच्या दृष्टीने ते चूक होतं. मी वाद घातला नाही.

त्यांनी चष्मा लावला, चार पानं वाचली, कॉफीचा पेला खाली ठेवला.

"हा रेझ्युमे आहे की श्रद्धांजली?"

"म्हणजे?"

"पेन्सिल दे." त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. खरंच मोजल्या. "अण्णा चौदा वेळा. 'आम्ही' एकोणीस वेळा. 'मी' दोन वेळा, त्यातलं एक 'मी खाली सही करणार' मधलं. अगं, नोकरी कुणाला पाहिजे? त्याला की तुला?"

त्यांनी पेन्सिल पहिल्या ओळीवर आणली.

"आणि हे काय? संस्थापक आणि मुख्य वाचन अधिकारी?"

"कार्डावर तसंच आहे."

"कार्डावर तो जागतिक संचालकही आहे. ऐक. संस्थापक असं मोठ्या अक्षरात लिहिलंस की समोरच्याला दोन भीती वाटतात. एक, ही कुणाचं ऐकणार नाही. दोन, सहा महिन्यांत परत स्वतःचं काही उघडून पळून जाईल. आणि पदवी फुगवलीस की तिसरी भीती, की हिने बाकीचंही फुगवलंय. तू भागीदार होतीस. भागीदार लिही. शेजारी कंसात कामकाज पाहणारी. झालं."

"पण आम्ही दोघांनी ते सुरू केलं..."

"ते एका ओळीत लिही की. लपवायला कोण सांगतंय? स्वल्प कमी जोरात म्हण, एवढंच."

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला घेतले. पोलीस विचारतात तसे. त्यांच्या वाचनाचा परिणाम असावा.

"कुठल्या कपाटात कुठलं पुस्तक जाणार, कोण ठरवायचं?"

"मी."

"कशावरून?"

मी सांगितलं. प्रत्येक पुस्तकात आम्ही कागदी खूण घालायचो. कपाट उघडल्यावर मी खूण कुठे अडकलीय ते पाहायचे आणि कार्डावर लिहायचे. तीन सोसायट्यांत एकच पुस्तक तिसाव्या पानाच्या आत अडकलं, तर ते काढून टाकायचं. जे शेवटपर्यंत गेलं असेल त्याच्या आणखी दोन प्रती अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणायच्या. अशी कार्डांची सहा खोकी घरी आहेत.

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे मी कुठलं पुस्तक अर्ध्यात सोडलं ते तुला माहीत आहे?"

"हो."

"सगळी?"

"तुम्ही शेवटचं पान आधी वाचता, तेसुद्धा."

त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "हे लिही. माझं नको. खुणांचं लिही."

मला वाटत होतं ती माझी एक विक्षिप्त सवय आहे. अक्कांच्या हातून ती कागदावर आली तेव्हा ते काम झालं होतं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं: 'वाचकांच्या प्रत्यक्ष वापराची नोंद ठेवून तेवीस ठिकाणचा पुस्तकसाठा दर महिन्याला बदलला.' त्याखाली किती पुस्तकं फिरायची, वर्षाकाठी किती हरवायची, हे आकडे माझ्या कार्डांवरूनच आले. हरवलेल्यांच्या आकड्यात अक्कांची नऊ होती. त्यांनी ती काढायला सांगितली. मी नाही म्हटलं. "सरी, सरी, राहू दे," म्हणाल्या, "हा प्रामाणिकपणा तिथे जाऊन दाखव."

शेवटी 'बंद का केलं' यावर आलो. माझ्या मसुद्यात त्या जागी दीड पान होतं.

"एका दमात सांग," अक्का म्हणाल्या.

"भागीदार वारला." मला दम घ्यावा लागला. "आणि सोसायट्यांमधली मुलं मोठी झाली होती. नवी मुलं कपाटाकडे कमी येत होती. तो असता तर आणखी दोन वर्षं चाललं असतं. फार तर."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले होते. अण्णासमोर कधी म्हणाले नव्हते. त्यालाही ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण शेवटच्या वर्षी तो व्हॅनमध्ये गाणी जास्त म्हणायचा.

अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. "एवढंच सांग. रडायचं नाही, लाजायचं नाही. आणि बंद करायला जे पाच महिने घातलेस ते वेगळी ओळ करून लिही. दुकान उघडणारे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. कुणाचं देणं न ठेवता कुलूप लावलेला माणूस मी तीस वर्षांत दोनदा पाहिला."

चार पानांचं एक पान झालं. अण्णा त्यात एकदाच होता, 'भागीदाराच्या निधनानंतर' या शब्दांत. घरी येताना ऑटोत मला वाटलं, मी त्याला व्हॅनमधून उतरवून दिलं.

याच सुमारास माझा दुसरा बायोडेटाही तयार होत होता. ते मला माहीत नव्हतं. तो वहिनी तयार करत होती. आपल्यानंतर या बाईचं कसं व्हायचं, या काळजीपोटी तिने मला न विचारता समाजाच्या वधूवर मंडळात माझं नाव घातलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "वहिनी, चव्वेचाळीस."

"म्हणून काय झालं? म्हैसूरचे एक आहेत, एकोणपन्नासचे. विधुर. वाचायची आवड आहे म्हणे."

"काय वाचतात?"

"पेपर."

तिने लिहिलेला बायोडेटा मी पाहिला. त्यात कामाच्या जागी होतं, 'भावाच्या व्यवसायात हौसेने मदत करीत असे. सध्या घरीच.' बंद पडलेला धंदा मुलीच्या नावावर दिसू नये, असं तिचं धोरण होतं. मी तो अक्कांना दाखवला. त्या म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या मसुद्यापेक्षा बरा आहे. निदान एका पानात आहे."

शाळेत मुलाखत झाली. तिथल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाई माझ्यापेक्षा लहान होत्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी 'बंद का केलं' विचारलं, मी एका दमात सांगितलं. त्यांनी खुणांबद्दल वीस मिनिटं विचारलं. दोन दिवसांनी पत्र आलं: निवड झाली आहे, पार्श्वभूमीची पडताळणी समाधानकारक ठरल्यास.

त्या शेवटच्या चार शब्दांवर माझी नोकरी लटकत होती. आणि तिथेच मी माझी चूक केली.

पडताळणी करणारी कंपनी वेगळी होती, दुसऱ्या शहरातली. तिचा फॉर्म नोकरदार माणसासाठी बनवलेला. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. भागीदाराला पगार नसतो. नोकरी सोडल्याचं पत्र. ते मला कोण देणार? वरिष्ठांचं नाव. मी 'लागू नाही' लिहिलं. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक. ही जागा रिकामी सोडली की फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी माझा नंबर लिहू शकले असते. पण अकरा वर्षं वाचनालयाच्या नावापुढे माझ्या हाताने एकच नंबर लिहिला गेला होता, आणि तो वेगळा लिहिणं म्हणजे वाचनालय खरंच नव्हतं असं म्हणणं, असं काहीसं मला वाटलं. मी अण्णाचा नंबर लिहिला.

चार दिवसांनी वाचनालयाच्या मेलवर पत्र आलं. म्हणजे मलाच. 'आपल्या संस्थेत काम केल्याचा दावा करणाऱ्या पुढील व्यक्तीबद्दल कृपया माहिती द्यावी.' पुढील व्यक्ती मी. खाली प्रश्न होते. वर्तन कसे होते? वरिष्ठांशी संबंध कसे होते? संधी मिळाल्यास या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का?

घरात कुणी नव्हतं. वहिनी देवळात गेली होती. मी अण्णाच्या वतीने फॉर्म भरायला सुरुवात केली.

वर्तन: तोंड उघडत नाही. उघडलं तर हरवलेल्या पुस्तकाबद्दल.

वरिष्ठांशी संबंध: वरिष्ठांना गाडी चालवताना गप्प बसायला सांगते.

पुन्हा घ्याल का: घ्यावंच लागेल, बहीण आहे.

सोडण्याचे कारण: हिने सोडलं नाही. मी सोडलं.

मग मी ते सगळं पुसलं. पुसायला वेळ लागला. अण्णाने असा फॉर्म पाहिला असता तर त्याने तो याहून वाईट भरून खरोखर पाठवलाही असता. मी लिहिलं की ही संस्था बंद झाली आहे, हा मेल अर्जदार स्वतःच उघडते, त्यामुळे स्वतःबद्दल दाखला देणं मला योग्य वाटत नाही. भागीदारीचा करार आणि सोसायट्यांच्या चिटणिसांचे संपर्क हवे असल्यास देते. अक्कांना वाचून दाखवलं. "सोन्यासारखं उत्तर," त्या म्हणाल्या. "पण असल्या कंपन्यांत उत्तर कुणी वाचत नाही. यादीत फोन लिहिलाय ना, फोन करून मोकळे होतील."

तसंच झालं.

गुरुवारी जेवताना वहिनीने मला भातावर सारू वाढलं, जास्त वाढलं, आणि म्हणाली, "वन्सं, आज एक फोन आला होता. तुमची चौकशी करत होते. चांगली माणसं वाटली."

"कोण?"

"नाव कळलं नाही. हिंदीत बोलत होती बाई. पण रीतसर विचारलं हो सगळं. आजकाल इतकं कोण विचारतं?"

माझा घास हातातच राहिला. "काय विचारलं?"

"आधी म्हणाली, तुम्ही यांना ओळखता का? मी म्हटलं, ओळखते म्हणजे काय, आमच्याच की त्या. मग म्हणाली, इथे काम करायच्या का? मी म्हटलं, छे छे, काम कशाला करतील? तशी काही गरज नव्हती. भाऊ सगळं बघायचा. या आपल्या पुस्तकं वाचायच्या."

"वहिनी..."

"ऐका तर. मग विचारलं, पगार किती होता. मला कसंतरीच वाटलं, पण म्हटलं, आजकाल विचारतात. मी सांगितलं, एक रुपया घेतला नाही हो कधी. घरचंच होतं."

"आणि?"

"कधीपासून आहेत, म्हणाली. मी म्हटलं, जन्मापासून. सोडलं का, म्हणाली. मी म्हटलं, सोडलं कुठे? इथेच आहेत, आंघोळीला गेल्यात."

मी पाणी प्यायले.

"स्वभाव विचारला. ते मात्र मी चांगलं सांगितलं," वहिनी म्हणाली. "शांत. घरगुती. उलट बोलायचं माहीत नाही. कुणी काही घेऊन गेलं तरी मागणार नाहीत."

"वहिनी, ते स्थळ नव्हतं."

"मग?"

मी सांगितलं. तिच्या हातातला चमचा भांड्यात पडला. थोडा वेळ ती पदराने तो फोनच पुसत राहिली. मग म्हणाली, "परत लावू का? सांगते की, मगाशी बोलली ती वेडी होती, मी खरी साहेबीण."

पुढच्या दिवशी शाळेतून मेल आला. पडताळणीत तफावत आढळली आहे. संस्थेच्या प्रतिनिधीच्या म्हणण्यानुसार अर्जदाराने तिथे काम केलेले नाही, वेतन घेतलेले नाही आणि ती अद्याप तिथेच आहे. तीन कामाच्या दिवसांत खुलासा करावा.

अक्का ते वाचून इतक्या हसल्या की त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं. वहिनी शेजारच्या खुर्चीत गुन्हेगारासारखी बसली होती.

"पण खोटं काय बोलल्या त्या?" अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "पगार घेतला नाहीस. खरं. भाऊ बघायचा. तू पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतंस. चौदा वेळा."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

"मी फोन करते त्यांना," वहिनी परत म्हणाली. "माफी मागते."

"अजिबात नाही. फोनवरचं आता फोनने पुसता येत नाही. आता कागद," अक्का म्हणाल्या. "करार आहे? नोटरी केलेला?"

"आहे."

"संस्थेचं पॅन, प्राप्तिकराची विवरणपत्रं? तुझ्या विवरणपत्रात भागीदारीतला वाटा दाखवलाय?"

"अकराही वर्षांचा."

"पगार का नाही त्याचं उत्तर तेच. दुकानाची नोंदणी, बँकेचं खातं बंद केल्याचं पत्र. आणि तीन गिऱ्हाइकांची पत्रं, त्यांच्या लेटरहेडवर, तारखांसकट, खाली फोन नंबर. तुझी स्तुती नको, तू काय करायचीस ते हवं. आणि फोन कुणी उचलला तेही लिही. सरळ. भागीदाराची पत्नी, कामकाजाशी संबंध नाही, विवाहाची चौकशी समजली."

"असं लिहू?"

"इतकं मूर्खपणाचं खोटं कुणी रचत नाही. त्यांना पटेल."

दोन पत्रं जयनगरात एका दुपारी मिळाली. दोन्ही गोड. 'अतिशय सौजन्यपूर्ण सेवा.' तिसरं येलहंक्याहून आणायचं होतं. तिथल्या सोसायटीचे चिटणीस हवाई दलातून निवृत्त झालेले. आमचे जुने आणि सगळ्यात कटकटे सभासद. अण्णा त्यांना 'नियंत्रण कक्ष' म्हणायचा. व्हॅन दोन मिनिटं उशिरा आली तर ते फाटकावर घड्याळ बघत उभे असत.

त्यांनी मला बसवलं, स्वतः टंकलं, सही केली, शिक्का मारला आणि पाकीट बंद करून दिलं. मी ते ऑटोत उघडलं.

त्यात लिहिलं होतं: ही बाई नऊ वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येत असे. भाऊ गप्पा मारी, काम ही करी. ही सभासदांच्या देखत पुस्तकं मोजते, जे अपमानास्पद आहे. माझी आवडती दोन पुस्तकं, कुणी वाचत नाही या सबबीखाली हिने काढून नेली व विनंती करूनही परत आणली नाहीत. एका हरवलेल्या पुस्तकासाठी हिने चार महिने पाठपुरावा केला. ते अखेर माझ्याच घरी सापडले. भाऊ वारल्यावर ही एकटी येऊन कपाट घेऊन गेली, अनामत परत केली व त्या दिवशीही पुस्तकं मोजली.

मी ते परत परत वाचलं. नऊ वर्षं तो माणूस फाटकावर उभा राहून मला पाहत होता आणि मला वाटत होतं की सगळे अण्णाकडेच पाहतात.

"हे नको लावायला," मी अक्कांना म्हटलं. "ही तक्रार आहे."

"हेच सगळ्यात वर लाव."

सोमवारी शाळेच्या बाईंनी मला भेटायला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एका बाजूला पडताळणीचा अहवाल होता, दुसऱ्या बाजूला आमचे कागद, वरती येलहंक्याचं पत्र. त्यांनी दोन्हीकडे बोट दाखवलं.

"माझ्याकडे दोन माणसांचं म्हणणं आहे. एक म्हणतात, तुम्ही शांत आहात, घरगुती आहात, कुणी काही घेऊन गेलं तरी मागत नाही. दुसरे म्हणतात, एका पुस्तकासाठी चार महिने पिच्छा पुरवला. खरं कुठलं?"

"दोन्ही," मी म्हटलं. "पहिल्या माझ्याबरोबर राहतात. दुसऱ्यांकडे पुस्तक होतं."

त्या पहिल्यांदाच हसल्या. आखूडच. "माझ्या आठ शाळांत मिळून किती पुस्तकं शिक्षकांच्या घरी आहेत, मला माहीत नाही. ते तुम्ही शोधाल. कागद बरोबर आहेत, मी स्वतः यांना फोनही केला." त्यांनी येलहंक्याच्या पत्रावर टिचकी मारली. "त्यांनी मला विचारलं, ती दोन पुस्तकं परत मिळतील का."

"ती तिसाव्या पानाच्या पुढे कुणी वाचली नव्हती."

"तेच सांगितलं मी त्यांना. हा नियम तुम्हीच मुलाखतीत सांगितला होतात."

घरी आले तेव्हा वहिनी दारातच होती. मी मान हलवली. तिने आत जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि तीच साखर माझ्या हातावर दिली. मग म्हणाली, "म्हैसूरच्यांना काय सांगू?"

"सांगा, नोकरी आहे."

"आणि विचारलं पगार किती, तर?"

"आता सांगा की."

दीड वर्ष झालं. मी रोज येलहंक्याला जाते. पाच शाळांची मोजणी संपली आहे, तीन बाकी आहेत. नव्या खुणा छापून घेतल्या. अक्कांनी नऊपैकी चार पुस्तकं परत केली, उरलेली फी म्हणून ठेवली आहेत.

अण्णाचा नंबर चालू आहे. वहिनी उचलते, आणि कुणी माझ्याबद्दल विचारलं तर आधी म्हणते, "कशासाठी विचारताय ते सांगा."

वाचनालय आता माझ्या रेझ्युमेवर सहा ओळींचं आहे. अण्णा त्यात एकदा आहे.